छातीखालची खाज आणि दुकानातली ट्यूब

बाईच्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्याकडे बाळंतपण, पाळी, गर्भाशय आणि रक्तक्षय या चार गोष्टींवर बोलणे होते. ते व्हायलाच हवे. पण धाराशिव जिल्ह्यातल्या वस्त्यांवर बायकांच्या बैठका घेताना, सगळे बोलून झाल्यावर आणि पुरुष कार्यकर्ते उठून गेल्यावर, दाराशी थांबून हळूच विचारला जाणारा प्रश्न वेगळाच असतो. "ताई, छातीखाली लई खाजतंय, लालेलाल झालंय, काय लावावं?" किंवा, "जांघेत इतकी आग होतीया की चालवत नाही." हा प्रश्न मी जून ते ऑक्टोबर या काळात इतक्या वेळा ऐकला आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. या आजाराने कुणी मरत नाही. म्हणूनच त्याच्याकडे कुणी पाहत नाही, आणि त्या न पाहण्यातून जे होते ते साधे राहत नाही.

आधी हे होते कशाने ते पाहू. स्तनाखाली, जांघेत, पोटाच्या वळीखाली, काखेत कातडीला कातडी चिकटलेली असते. तिथे आलेला घाम उडून जायला वाट नसते. खूप वेळ धुणे धुतल्यावर बोटांची कातडी पांढरी पडते, फुगते, तसेच तिथल्या कातडीचे होते. अशी मऊ पडलेली कातडी चालताना, वाकताना एकमेकींवर घासली की सोलवटते. सुरुवातीची लाली आणि चुरचुर एवढ्यानेच येते, तेव्हा कोणताही संसर्ग झालेला नसतो. दोन-चार दिवस ती जागा तशीच ओली राहिली तर मात्र आपल्या अंगावर आणि आतड्यात एरवी निमूट राहणारी कॅन्डिडा नावाची बुरशी तिथे वाढू लागते. मग लाली गडद होते, कातडी ओलसर चकाकते, घडीच्या अगदी तळाशी चीर पडते आणि मुख्य चट्ट्याच्या कडेबाहेर बारीक बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या दिसतात. या विखुरलेल्या पुटकुळ्या हीच कॅन्डिडाची ओळखीची खूण.

आता आपल्याकडचा श्रावण-भाद्रपद डोळ्यासमोर आणा. मराठवाडा कोरडा म्हणून ओळखला जातो, पण या दिवसांत सोयाबीनच्या रानात खुरपणीला बसलेली बाई सकाळी आठलाच गुडघ्याच्या वरपर्यंत भिजलेली असते. साडी पॉलिस्टरची, परकर पॉलिस्टरचा, ब्लाऊज घट्ट, त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट. दिवसभर तेच ओले कपडे अंगावर वाळतात आणि पुन्हा भिजतात. घरी येऊन लगेच बदलावेत तर दुसरा परकर दोरीवर ओलाच असतो. ऊसतोडीला गेलेल्या बायकांचे हेच हाल दिवाळीनंतर होतात. पहाटेच्या दवात भिजून फडात शिरायचे, दुपारी घामाने निथळायचे आणि अंघोळीला आडोसा नाही म्हणून तसेच झोपायचे. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्या बायकांना विचारा, मांड्या सोलवटल्याने शेवटचे दोन कोस कसे काढले ते त्या सांगतील.

तेव्हा पहिली गोष्ट ही की हा आजार अस्वच्छ बाईला होतो, ही समजूत खोटी आहे. तो ओल आणि घासण्यातून होतो. अंगाने भरलेल्या, अंगावर पाजणाऱ्या, उन्हापावसात राबणाऱ्या आणि साखरेचा आजार असणाऱ्या बाईला तो लवकर होतो. घाण समजून साबणाने खसाखसा घासले, गरम पाणी ओतले, जंतुनाशक लावले की सोललेली कातडी आणखी सोलते आणि आजार वाढतो.

आता एका बाईची हकिगत सांगते. ती कळंब तालुक्यातली, वय चव्वेचाळीस. नाव-गाव मी सांगणार नाही. दोन्ही स्तनांखाली जुलैअखेर लाली आली. तिने आधी पावडर लावली. घामाने पावडरीचे गोळे झाले आणि जास्तच टोचू लागले. मग हळद-तेल झाले, लिंबू झाले. लिंबाने तर ती रात्रभर तळमळली. शेवटी नवऱ्याला सांगितले, "खाजेची ट्यूब आणा." त्याने तालुक्याच्या औषध दुकानात तेवढेच सांगितले आणि दुकानदाराने एक ट्यूब काढून दिली. कुठे खाजते, कुणाला, किती दिवस, काही विचारले नाही. आणि ट्यूबने जादू केली. दोन दिवसांत खाज गेली, लाली फिकी पडली. तिने लावणे थांबवले. आठवड्याने खाज परत आली, अधिक जोराने. पुन्हा ट्यूब. असे तीन महिने चालले. तोवर चट्टे जांघेत उतरले होते आणि नवऱ्यालाही तिथेच गोल चकंदळे उठले होते. घरात पंचा एकच होता. नवऱ्यालाही तीच ट्यूब सुरू झाली.

या ट्यूबमध्ये काय होते? बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि एक तीव्र स्टेरॉइड असे तिन्ही एकत्र. लाली, सूज, खाज ही बुरशीविरुद्ध आपल्या शरीराने सुरू केलेली लढाई असते. स्टेरॉइड ती लढाईच थांबवते. त्यामुळे बाईला बरे वाटते, पण बुरशीला मोकळे रान मिळते. चट्टा पसरतो आणि त्याची नेहमीची ठळक कड पुसट होते, त्यामुळे नंतर पाहणाऱ्या डॉक्टरलाही तो ओळखणे कठीण जाते. घडीतली कातडी मुळातच पातळ असते आणि झाकलेली असल्याने औषध जास्त शोषते. म्हणून काही आठवड्यांतच ती आणखी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात आणि जांघेत, मांडीवर बाळंतपणात पोटावर पडतात तसे चरे पडतात. हे चरे पुढे फिके होतात, पण जात नाहीत.

हे एका गावापुरते नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ सांगत आहेत की साधा नायटा आता पूर्वीसारखा बरा होत नाही. २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेवरील नायट्याच्या एका बुरशीला वेगळे नाव दिले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. अर्धवट उपचार आणि मिश्र मलमांचा बेसुमार वापर यांनी या साथीला हातभार लावला असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. सरकारने काही केले नाही असेही नाही. २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये आणली गेली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, तीत अशी काही मलमेही होती. कागदावर हे सगळे आहे. दुकानात मात्र "खाजेची ट्यूब" म्हटले की आजही चिठ्ठी न मागता ट्यूब पुढे येते.

आणि इथे माझा मुद्दा आहे. ही ट्यूब खपते ती बाईच्या लाजेवर. पुरुषाला जांघेत खाज आली तर तो चारचौघांत खाजवतो आणि दुकानात जाऊन स्वतः विचारतो. बाईला छाती उघडून दाखवायची तर आरोग्य केंद्रात पुरुष डॉक्टर, पडदा नाही, दारात रांग. म्हणून ती नवऱ्याकडून किंवा मुलाकडून निरोप पाठवते. निरोपात फक्त "खाज" उरते. न पाहता दिलेल्या औषधात सगळ्यांवर चालेल असे सगळे कोंबलेले असते. बाईला तपासले जात नाही, एवढी एक उणीव भरून काढायला ही ट्यूब जन्माला आली आहे. दुकानदारावर कारवाई व्हावीच. पण बाईला पाहणारे माणूस मिळत नाही तोवर ती दुकानाशिवाय जाणार कुठे?

त्या बाईचे पुढे काय झाले? नोव्हेंबरात ती एका सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी पडद्याआड नेऊन नीट पाहिले, चट्ट्याच्या कडेची खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली. स्तनांखाली कॅन्डिडा होती, जांघेत नायटा होता, आणि साखर वाढलेली होती. तिला साखरेचा आजार आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले. वारंवार उलटणारा घडीतला चट्टा हे कित्येकदा साखरेच्या आजाराचे पहिले लक्षण असते. म्हणून दोनदा उलटला की साखर तपासलीच पाहिजे. साखर आटोक्यात नसेल तर वरून कितीही मलम लावा, बुरशी पुन्हा येत राहते.

डॉक्टरबाईंनी स्टेरॉइडची ट्यूब बंद केली आणि आधीच बजावले की आठ-पंधरा दिवस खाज आणि लाली वाढेल. हे ठाऊक असणे फार गरजेचे आहे, कारण नव्या औषधाने त्रास वाढला असे समजून बायका जुन्या ट्यूबकडे वळतात. स्तनांखाली निव्वळ क्लोट्रिमॅझोल एक टक्का मलम सकाळ-संध्याकाळ लावायला सांगितले. जांघेतल्या नायट्यासाठी तिला आणि नवऱ्याला, दोघांनाही, पोटातून गोळ्या दिल्या. त्या गोळ्या कोणत्या आणि किती दिवस हे डॉक्टरनेच ठरवायचे. बुरशीच्या काही गोळ्या साखरेच्या गोळ्यांबरोबर घेतल्या तर साखर एकदम खाली येते, आणि गरोदर बाईला त्या घातक ठरू शकतात. वरून लावायचे क्लोट्रिमॅझोल मात्र गरोदर बाईला चालते. पाजणाऱ्या आईनेही स्तनाखाली लावावे, बोंडावर लागले असल्यास पाजण्याआधी पुसून घ्यावे.

मलम किती लावायचे, यातही गफलत होते. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढा. तेवढे मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला, म्हणजे साधारण दोन्ही स्तनांखालच्या घड्यांना, एका वेळेला पुरते. ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते. दोन वेळा लावले तर दिवसाला एक ग्रॅम, म्हणजे पंधरा ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांची. उपचार दोन ते चार आठवडे चालतो आणि लाली गेल्यावरही आठ-दहा दिवस लावायचे असते, म्हणून दोन ट्यूब लागतील असे धरूनच चला. जेनेरिक औषधाच्या दुकानातून घेतले तर ते स्वस्तही पडते. थर जाड नको, तो घडीत ओल धरतो. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत लावा, कारण बुरशी दिसते त्याच्या पलीकडे पोचलेली असते.

पण मलमाइतकेच काम कोरडेपणा करतो. दिवसातून एकदा-दोनदा साध्या पाण्याने आणि थोड्या सौम्य साबणाने ती जागा धुवा. साबण पुरता निघू द्या. टँकरच्या दिवसांत पाणी एक तांब्याच उरले असेल तर तो आधी या घड्यांना वापरा. मग जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्याने टिपून घ्या, चोळू नका. त्यानंतर दार लावून, पडून, ब्लाऊज सैल करून दहा मिनिटे वारा लागू द्या. मग मलम. दिवसभर कामावर असताना सुती कापडाची दुपदरी पट्टी घडीत अशी ठेवा की तिची कड बाहेर राहील. म्हणजे घाम कापडातून बाहेर येऊन उडेल. पट्टी ओली झाली की बदला, दिवसातून दोन-तीन तरी लागतील. ओली पट्टी तशीच ठेवणे न ठेवण्यापेक्षा वाईट. रात्री पट्टी नको, ब्लाऊजही सैल असावा. आमच्या बाईने लेकीच्या मदतीने जुन्या धोतराच्या बारा पट्ट्या फाडून घेतल्या आणि रानात जाताना तीन बरोबर नेल्या. चौथ्या आठवड्यात स्तनांखालची कातडी शाबूत झाली. जांघेतला नायटा जायला दोन महिने लागले. पातळ झालेली कातडी आणि चरे मात्र राहिले.

नायटा एकाचा दुसऱ्याला होतो, म्हणून घरातल्या ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे, आणि पंचा, अंथरूण, चड्ड्या वेगळ्या ठेवायच्या. हे कपडे कडक पाण्यात धुऊन उन्हात वाळवायला हवेत. इथेही लाज आडवी येते. आपल्या चोळ्या-बॉडीस, चड्ड्या, पाळीच्या घड्या आपण साडीच्या खाली, कोपऱ्यात, सासऱ्याच्या नजरेआड वाळत घालतो. तिथे ऊन नाही, वारा नाही, कपडा दमट राहतो आणि सकाळी तोच अंगावर चढतो. घरातल्या पुरुषाची चड्डी अंगणात झेंड्यासारखी फडफडते, तर बाईची का नको? पावसाळ्यात ऊनच नसेल तर सुती कपड्यावर गरम इस्त्री फिरवून तो पुरता सुकवा.

काही खुणा दिसल्या तर घरी थांबू नका. ताप, चट्ट्याभोवती वाढत जाणारी लाल सूज आणि ठणका, पू, घाण वास, किंवा दोन आठवडे नेमाने लावूनही फरक नसणे. शिवाय लाली एकाच स्तनावर असेल, बोंडावर खपली धरून बरी होत नसेल, गाठ लागत असेल किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल, तर ती बुरशी समजू नका. स्तनाची तपासणी करून घ्या. धाराशिवला जिल्हा रुग्णालयाला जोडून आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जाण्याचा हक्क आपला आहे.

ट्यूब हातात आली की लेकीला, नातीला त्यावरचे घटक वाचायला सांगा. नावाच्या शेवटी 'सोन' असेल, जसे बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, किंवा क्लोबेटासॉल असे नाव असेल, तर ते स्टेरॉइड. घडीतल्या खाजेला ते आपल्या मनाने लावायचे नाही. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला हे वाचता येते. बचतगटाच्या एका बैठकीत हे करून पाहा. प्रत्येकीने घरातली ट्यूब आणायची आणि मुलींनी वाचायची. मी अशी बैठक घेतली तेव्हा आलेल्या अकरा ट्यूबपैकी आठांत स्टेरॉइड निघाले.

आता मागणीचे. तीस वर्षांवरील प्रत्येक बाईची साखर, रक्तदाब, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासायचे असा सरकारी कार्यक्रम आहे आणि उपकेंद्रांना त्यासाठीच आयुष्मान आरोग्य मंदिर हे नवे नाव मिळाले आहे. स्तन तपासायला हात वर केलाच आहे, तर त्याच वेळी स्तनाखालची घडी पाहायला अर्धे मिनिट लागते. साखर तपासणीची पट्टी त्याच टेबलावर असते. म्हणजे नवे खाते नको, नवी योजना नको. हवा आहे तो एक पडदा, पाहणारी बाई आणि कपाटात स्टेरॉइड नसलेले साधे बुरशीचे मलम. मुकादम आणि कारखान्यांकडे मागायचे तर ऊसतोडीच्या तळावर अंघोळीचा आडोसा आणि पाणी. ग्रामसभेत हे बोलताना कुणी हसेल. हसू द्या. आपण "अवघड जागेचं दुखणं" असे म्हणत राहिलो तोवर दुकानदाराचे बरे चालले होते. ती जागा आपल्या अंगाची आहे. तिचे नाव घेऊन ग्रामसभेच्या इतिवृत्तात मागणी लिहून घ्या, आणि सही करण्याआधी ती मोठ्याने वाचून घ्या.